आई सोबत आहे, तरी बाबांचं पत्र हवं

मुलाला घेऊन एकटीच परदेशी निघालेल्या आईला घरात दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. एक जण सांगतो, ‘नवऱ्याचं एनओसी घेतल्याशिवाय पाऊल बाहेर टाकू नकोस, विमानतळावर अडवतील.’ दुसरी सांगते, ‘काही लागत नाही गं, मी गेले होते की.’ दोघंही खरंच बोलत असतात, पण आपल्या अनुभवापुरतं. एखादीला कुणीच काही विचारत नाही. दुसरीला मात्र त्याच काउंटरवर पंधरा मिनिटं उभं राहावं लागतं, आणि मूल कंटाळून रडायला लागतं.

भारतातून बाहेर पडताना एका पालकासोबत जाणाऱ्या मुलाने दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र दाखवलंच पाहिजे, असा सरसकट नियम आपल्याकडे नाही. मुलाच्या ताब्याचा वाद कोर्टात असेल, किंवा कुणाच्या नावाने लुकआउट नोटीस निघालेली असेल, तर गोष्ट वेगळी. मग पत्र लागतं कुठे? मुख्यतः व्हिसाच्या अर्जासोबत, आणि समोरच्या देशात उतरल्यावर तिथल्या सीमा अधिकाऱ्यापुढे. त्या अधिकाऱ्याला आपलं घर माहीत नाही. हे मूल हिचंच आहे का, दुसऱ्या पालकाला हा प्रवास माहीत आहे का आणि मूल परत जाणार आहे का, हे त्याला दोन-तीन मिनिटांत ठरवायचं असतं. आईवडिलांपैकी एकाने दुसऱ्याच्या नकळत मुलाला देशाबाहेर नेण्याचे प्रकार जगभर घडतात आणि मूल एकदा सीमेपार गेलं की ते परत आणायला वर्षं लागतात, म्हणून हे प्रश्न विचारले जातात. अशी मुलं परत पाठवण्यासाठी १९८० साली हेग इथे आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात सामील नाही. त्यामुळे वाद झालाच, तर प्रत्येक प्रकरण इथल्या कोर्टात स्वतंत्रपणे लढावं लागतं.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, अलिबागची एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन मे महिन्यात तीन आठवड्यांसाठी फ्रान्समध्ये लियोंला, मुलीच्या मावशीकडे चालली आहे. वडील मर्चंट नेव्हीत आहेत आणि मार्चच्या शेवटी जहाजावर चढणार आहेत. कोकण किनाऱ्यावर अशी घरं पुष्कळ आहेत, आणि एका पालकाच्या प्रवासात येणाऱ्या बहुतेक अडचणी या एका घरात भेटतात.

सुरुवात मुलीच्या पासपोर्टापासून. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, लहान मुलांचा साधारण पाच वर्षांचा, हे ऐन वेळी आठवतं. शेंगेन देशांसाठी परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्ट चालू असावा लागतो. मुलीचा पासपोर्ट जुलैत संपत असेल, तर मे महिन्याच्या सहलीलाही तो पुरत नाही. नूतनीकरणासाठी आईवडील दोघांच्या सह्यांचं घोषणापत्र लागतं. ते ‘ॲनेक्शर डी’ या नमुन्यात असतं. एकाची सही मिळणं शक्यच नसेल, तर अर्ज करणारा पालक कारण लिहून ‘ॲनेक्शर सी’ देतो. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने हे नमुने साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने चालतील असं केलं, त्यामुळे यासाठी नोटरीकडे जायची गरज राहिली नाही. तरीही आपल्या उदाहरणातल्या वडिलांनी जहाजावर चढण्याआधीच ‘डी’वर सही करून ठेवणं शहाणपणाचं. दोघांची संमती कागदावर असली की पुढचं सगळं सोपं होतं.

यानंतर जन्मदाखला. आपल्याकडच्या प्रवासातली खरी मेख तिथे असते.

घरातला जन्मदाखला काढून बघा. बाळ जन्मलं तेव्हा बारसं झालेलं नसतं. रुग्णालयातून नगरपालिकेत नोंद जाते ती ‘मुलगी’ एवढीच, आणि पुष्कळ दाखल्यांवर नावाची जागा वर्षानुवर्षं कोरी राहते. असा दाखला जन्मतारीख सांगतो, पण ही मुलगी कोण हे सांगत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मुलाचं नाव नंतर नोंदवता येतं. वर्षाच्या आत ते विनाशुल्क होतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून. जिथे जन्म झाला तिथल्याच निबंधकाकडे जावं लागत असल्यामुळे, बाळंतपण माहेरी चिपळूणला झालं असेल तर अर्जही चिपळूणलाच करायचा. हे काम प्रवासाच्या आठवड्यात होत नाही.

नाव भरलेलं असलं, तरी आईच्या नावाकडे नीट बघायला हवं. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. समजा, आपल्या उदाहरणातल्या आईचं माहेरचं नाव वैशाली जोशी आणि सासरचं नाव मृण्मयी पाटील. मुलीच्या दाखल्यावर ‘मृण्मयी’ आहे, पण लग्नाआधी काढलेला आणि नंतर न बदललेला पासपोर्ट ‘वैशाली’ जोशीचा आहे. अलिबागमध्ये कुणाला यात नवल वाटणार नाही. लियोंच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याला मात्र दिसतं ते एवढंच, की पाटील आडनावाच्या मुलीला जोशी आडनावाची बाई घेऊन आली आहे, आणि दाखल्यावर आईचं नाव तिसरंच आहे. त्यात मुलीच्या पासपोर्टवर तिच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं. ते वडिलांचं आहे हे त्याला ठाऊक नसतं, त्याच्या लेखी ते मुलीचंच दुसरं नाव.

मग हा दुवा जोडायचा कसा? पहिला कागद विवाह नोंदणीचा दाखला. त्यात वधूचं माहेरचं नाव आणि नवऱ्याचं नाव दोन्ही असतात, त्यामुळे जोशी आणि पाटील यांचं नातं जुळतं. पण पहिलं नाव बदललेलं असेल, तर नुसत्या विवाह दाखल्याने ते सिद्ध होईलच असं नाही. त्यासाठी शासकीय राजपत्रात छापलेली नावबदलाची सूचना सर्वांत भक्कम. राजपत्र नसेल, तर ‘या दोन्ही नावांची व्यक्ती मीच’ असं नोटरीपुढे केलेलं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवावं. जिच्या हाताशी सवड आहे तिने प्रवासाआधी पासपोर्टवर पतीचं नाव नोंदवून घ्यावं, म्हणजे पुढच्या वेळचा त्रास कायमचा संपतो. माहेरचं नाव लग्नानंतरही ठेवायला कायद्याने काहीच आडकाठी नाही, आणि केवळ प्रवासासाठी ते बदलायची गरजही नाही. फक्त दोन नावांमधला दुवा कागदावर दिसला पाहिजे. मुलाच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं छापलेली असतील, तर ते पान उघडून अधिकाऱ्यापुढे धरावं. परदेशी अधिकारी आपणहून तिथे पोचेलच असं नाही.

दाखला फक्त मराठीत असेल, तर त्याचा प्रमाणित इंग्रजी अनुवाद सोबत हवा. अनुवादकाने नावाचं स्पेलिंग आपल्या मनाने लिहू नये, पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहावं. एका जादा अक्षरामुळे व्हिसा केंद्राने कागद परत केल्याचं घरोघरी ऐकायला मिळतं.

आता वडिलांचं पत्र. आंतरजालावर त्याचे तयार नमुने भरपूर सापडतात, आणि बहुतेक नमुन्यांत ‘माझी मुलगी तिच्या आईसोबत परदेशी जाण्यास माझी हरकत नाही’ एवढं एकच वाक्य असतं. ते पुरेसं नाही. कोणत्या देशात, कधी, किती दिवस, कुणाकडे, यातलं काहीच त्यात नाही, आणि अधिकाऱ्याच्या मनात उठणारे प्रश्न तर नेमके हेच. आपल्या उदाहरणातलं पत्र असं लिहिलेलं असेल, अर्थात इंग्रजीत: ‘मी अमुक, पासपोर्ट क्रमांक अमुक, या मुलीचा वडील आहे. मुलीची जन्मतारीख अमुक, पासपोर्ट क्रमांक अमुक. ती माझी पत्नी अमुक हिच्यासोबत ५ मे ते २८ मे या काळात फ्रान्सला आणि तिथून लगतच्या शेंगेन देशांत प्रवास करणार आहे. मुक्काम माझ्या मेहुणीच्या घरी, पत्ता अमुक. या प्रवासाला माझी पूर्ण संमती आहे.’ तारखा तिकिटापेक्षा दोन-चार दिवस अलीकडे-पलीकडे धराव्यात, कारण विमान रद्द झालं की संमतीची मुदत संपलेली नको. मावशीकडून शनिवार-रविवारी जिनिव्हाला जाऊन येण्याचा बेत असेल, तर ‘फ्रान्स’ एवढंच लिहून भागत नाही.

एक परिच्छेद बहुतेकांच्या पत्रात नसतो, तो मी आग्रहाने घालायला सांगेन. आई सोबत असल्यावर मुलीच्या उपचारांचा निर्णय ती घेईलच. पण आईलाच रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर मुलीचं कोण बघणार? वडील भर समुद्रात, फोन लागेलच असं नाही. म्हणून पत्रात मावशीचं नाव, तिच्या ओळखपत्राचा क्रमांक आणि ‘आई असमर्थ असल्यास हिने मुलीला सांभाळावं व तातडीच्या उपचारांना संमती द्यावी’ असं स्पष्ट वाक्य असावं. त्याखाली आईचीही सही घ्यावी. परक्या देशात अशा वेळी मुलीला मावशीकडे राहू द्यायचं की यंत्रणेच्या ताब्यात घ्यायचं, हा प्रश्न उभा राहिला, तर हा कागद फार मोठा आधार ठरतो.

पत्राच्या शेवटी वडिलांचा फोन आणि ई-मेल लिहितात. जहाजावरच्या माणसाच्या बाबतीत कंपनीच्या कार्यालयाचा क्रमांकही द्यावा, आणि आजी-आजोबांपैकी कुणाचा तरी. पत्रासोबत वडिलांच्या पासपोर्टची छायाप्रत हवीच. तिच्यावर त्यांची सही असते, आणि पत्रावरची सही त्या सहीशी जुळली पाहिजे. बँकेत वेगळी, पासपोर्टवर वेगळी अशा दोन सह्या करणारे पुष्कळ आहेत, त्यांनी इथे पासपोर्टवरचीच करावी.

व्हिसासाठी हे पत्र नोटरी केलेलं असणं चांगलं, आणि पुष्कळ दूतावासांच्या यादीत तसं लिहिलेलंच असतं. नोटरीचा अर्थ एवढाच, की सही करणारा माणूस स्वतः त्यांच्यापुढे आला, त्याने ओळख पटवली आणि त्यांच्यादेखत सही केली. आपल्याकडे हे सर्रास टाळलं जातं. पत्र टाइप होतं, व्हॉट्सॲपवर आलेली सही त्यावर चिकटवली जाते आणि ओळखीचे वकीलसाहेब शिक्का मारून देतात. खलाशाच्या घरात हे कसं उघडं पडतं बघा. पत्रावर अलिबागच्या नोटरीचा शिक्का आणि तारीख १० एप्रिल. वडिलांच्या पासपोर्टच्या प्रतीवर मात्र मुंबई विमानतळावरून बाहेर पडल्याचा शिक्का २७ मार्चचा. म्हणजे ज्या दिवशी ते अलिबागला सही करत होते, त्या दिवशी ते देशातच नव्हते. खरं पत्र, खरी संमती, पण कागद खोटा ठरला आणि सोबत अख्ख्या अर्जावरचा विश्वासही गेला.

हे टाळायचं, तर पत्र मार्चमध्येच, वडील घरी असताना, तारखा घालून करून घ्यावं. पत्र दोन-अडीच महिन्यांपूर्वीचं असलं म्हणून सहसा अडत नाही, वर्षभर जुनं मात्र नको. वडील आधीच बाहेर असतील, म्हणजे दुबई-दोहाला नोकरीत असतील, तर तिथल्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जाऊन सही साक्षांकित करून घेता येते. मूळ कागद कुरिअरने मागवावा, नुसतं स्कॅन पुरेल असं गृहीत धरू नये. जहाज बंदराला लागल्यावर खलाशालाही हे शक्य असतं, पण तिथे किती तास मिळतील याचा भरवसा नसतो, म्हणून त्यावर विसंबू नये.

व्हिसाच्या बाजूने बाकी गोष्टी साध्या आहेत. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे मेच्या सहलीसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळं आटोपू शकतं. मुलाच्या अर्जावर पालकांची सही लागते आणि तिथेच वडील घरी असण्याचा फायदा दिसतो. बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. मावशीच्या घरी राहणार असल्याने तिने तिच्या नगरपालिकेतून ‘आतेस्तास्यों दाक्य’ नावाचं यजमानाचं प्रमाणपत्र काढून मूळ प्रत भारतात पाठवायची असते. त्यावर आई आणि मुलगी दोघींची नावं पासपोर्टप्रमाणे आहेत ना, हे तिने कार्यालयातच वाचून घ्यावं.

प्रवासाच्या दिवशी सगळे मूळ कागद हातातल्या बॅगेत, चेक-इन सामानात नव्हे. युरोपीय सीमा संहितेत अल्पवयीन मुलांसाठी वेगळी तरतूद आहे: सोबत एकच मोठा माणूस असेल आणि मूल त्याच्या हक्काच्या पालकाकडून बेकायदा आणल्याचा गंभीर संशय असेल, तर अधिकाऱ्याने अधिक चौकशी करावी. चौकशी म्हणजे पुष्कळदा मुलीलाच विचारलेले दोन प्रश्न. ‘ही कोण आहे? बाबा कुठे आहेत?’ मुलीला प्रवासाआधी सगळं सांगून ठेवावं. मावशीचं नाव, किती दिवस राहणार, बाबा जहाजावर आहेत आणि त्यांना हे माहीत आहे, एवढं पुरे. उत्तरं पाठ करून घेऊ नयेत, पढवलेलं मूल लगेच ओळखू येतं. मुलीने उत्तर देताना आईने मध्येच बोलू नये, कारण अधिकाऱ्याला मुलीचंच ऐकायचं असतं.

इतर देशांत तपशील बदलतात. अमेरिकेचं सीमाशुल्क खातं असं पत्र सोबत ठेवण्याची जोरदार शिफारस करतं, कॅनडाही तेच सांगतो. ब्रिटनच्या व्हिसावर मूल कोणत्या मोठ्या माणसासोबत येणार याची नोंद असू शकते. अर्जात आईचं नाव दिलं आणि ऐन वेळी बाबांसोबत पाठवलं, तर अडचण येते. सर्वांत कडक ठरली होती दक्षिण आफ्रिका. मुलांची तस्करी रोखण्यासाठी तिने जून २०१५ पासून दोन्ही पालकांच्या तपशिलाचा जन्मदाखला आणि गैरहजर पालकाचं शपथपत्र मागायला सुरुवात केली. कितीतरी कुटुंबांना विमानात बसूच दिलं नाही. पर्यटनाला फटका बसल्यावर पुढे हे नियम टप्प्याटप्प्याने सैल झाले, पण व्हिसा लागणाऱ्या देशांतल्या प्रवाशांनी आजही तिथे जाण्याआधी चालू यादी वाचायलाच हवी.

अमेरिकेत स्थायिक मराठी घरांचा प्रश्न थोडा वेगळा. उन्हाळ्यात आई अमेरिकी नागरिक असलेल्या मुलाला घेऊन पुण्याला येते, बाबा न्यू जर्सीत. पुण्यात मुलाचा पासपोर्ट हरवला, तर सोळा वर्षांखालच्या मुलाच्या नव्या अमेरिकी पासपोर्टसाठी दोन्ही पालकांची संमती लागते. बाबांना तिथल्या नोटरीपुढे ‘डीएस-३०५३’ हा फॉर्म सही करून ओळखपत्राच्या प्रतीसह पाठवावा लागतो. हे आधी माहीत असेल, तर तीन दिवसांचं काम तीन दिवसांत होतं.

आतापर्यंतचं सगळं आईबाबांचं जमतंय असं धरून. वडील हयात नसतील, तर मृत्यू दाखला आणि मुलाचा जन्मदाखला यांवर काम भागतं. घटस्फोट झाला असेल, तर नुसता हुकूमनाम्याचा शेवटचा कागद नेऊ नये. परस्परसंमतीच्या घटस्फोटात जी संमतीच्या अटींची यादी असते, तिच्यात मुलाचा ताबा आणि परदेश प्रवासाविषयी कलम असतं किंवा नसतं. ते आधी वाचावं. ‘परदेशी नेण्यापूर्वी दुसऱ्या पालकाची लेखी परवानगी’ असं तिथे लिहिलेलं असेल, तर ताबा आईकडे असूनही पत्र लागतंच. प्रमाणित प्रत सगळ्या पानांसकट घ्यावी, गरज असल्यास इंग्रजी अनुवादासह.

आणि वडील संमती देतच नसतील, किंवा ताब्याचं प्रकरण चालू असेल, तर संमतीपत्राच्या जागी कोर्टाचा आदेश येतो. गीता हरिहरन खटल्यात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने आईलाही नैसर्गिक पालक म्हणून काम करता येतं हे स्पष्ट केलं आहे, पण त्या आधारावर चालू खटल्यातलं मूल न विचारता देशाबाहेर नेता येत नाही. कुटुंब न्यायालयात प्रवासाच्या परवानगीचा अर्ज करायचा. त्यासोबत परतीचं तिकीट किंवा त्याचं आरक्षण, मुक्कामाचा पत्ता, शाळा सुरू होण्याची तारीख आणि ठरलेल्या दिवशी परत येण्याची हमी जोडायची. त्या काळात वडिलांना व्हिडिओ कॉलवर मुलाशी कधी बोलता येईल तेही आपणहून लिहून दिलं, तर अर्जाला बळ येतं. न्यायालय काही वेळा अनामत रक्कम ठेवायला सांगतं आणि परतल्यावर पासपोर्ट दाखवण्याची अट घालतं. हा अर्ज जानेवारी-फेब्रुवारीतच करावा. दुसऱ्या बाजूला म्हणणं मांडायला तारीख द्यावी लागते, आणि मे महिन्यात शाळांबरोबर कोर्टांनाही सुट्टी लागते.